विश्लेषण : घरी बनवलेले लाकडी खेळणे मुलाच्या हाती देण्याआधी काय तपासावे?

टाळेबंदीच्या काळात अनेक आई-वडिलांनी हातात करवत आणि पॉलिश पेपर घेतला. मुलांसाठी खुंट्यांचे पाट, आकड्यांची कोडी, मणी ओवायचे संच घरीच बनू लागले. काहींचा हा छंद पुढे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या छोट्या विक्रीपर्यंत पोहोचला. लाकडी आहे, घरी बनवलेले आहे, म्हणजे ते सुरक्षितच, असे अनेकांना वाटते. पण लहान मुलाला होणारी इजा बहुतेक वेळा खेळण्याच्या मापामुळे, सुटणाऱ्या तुकड्यामुळे किंवा वर लावलेल्या रंगामुळे होते, आणि या तिन्ही चुका लाकडातही तितक्याच सहज होतात. दोन वर्षांच्या मुलासाठीचा एक साधा खुंटीपाट उदाहरण म्हणून घेऊन या चुका कशा ओळखायच्या आणि टाळायच्या, ते पाहू.

धोका नेमका कोणत्या मापाचा?

तीन वर्षांखालचे मूल हाती आलेली वस्तू तोंडात घालून पाहते. दाढा पूर्ण आलेल्या नसतात, खोकण्याची ताकद कमी असते आणि श्वासनलिका अरुंद असते. म्हणून या वयाच्या खेळण्यांसाठी जगभरात एक चाचणी वापरतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे असते. त्याचा तळ तिरका असतो, त्यामुळे त्याची खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर भरते. खेळणे किंवा त्यापासून सुटलेला कोणताही तुकडा, न दाबता, कोणत्याही बाजूने त्यात पूर्ण मावला तर तो ‘लहान भाग’ ठरतो आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद होतो. भारतीय मानक आयएस ९८७३ च्या पहिल्या भागातही हीच कसोटी आहे.

हे नळकांडे घरी बनवता येते. १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे तीन तुकडे एकावर एक चिकटवले की बरोबर ५७ मिलिमीटरचा ठोकळा होतो. त्यात ३२ मिलिमीटरच्या गोल करवती बिटाने आरपार भोक पाडायचे आणि खालून एक फळी ठोकायची. हे भोक मूळ मापापेक्षा केसभर मोठे आहे आणि तळही सपाट आहे. म्हणजे प्रयोगशाळेतल्या नळकांड्यात न मावणारा एखादा तुकडाही यात मावू शकतो. घरच्या चाचणीने अशी थोडी जास्तच कडक बाजू घेतलेली बरी. या ठोकळ्यात जे बुडते, ते दोन वर्षांच्या मुलाला द्यायचे नाही.

खुंटीपाटाचे गणित कसे बसते?

समजा, वाढत्या उंचीच्या पाच खुंट्यांचा पाट करायचा आहे. उंची ३०, ४०, ५०, ६० आणि ७० मिलिमीटर. मूल त्या भोकात बसवते, काढते आणि काही दिवसांनी जिन्यासारख्या ओळीने लावू लागते. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण बाजारात सहज मिळणारा २५ मिलिमीटर व्यासाचा गोल दांडा घेतात. चूक इथेच होते. २५ मिलिमीटर जाडीची ३०, ४० किंवा ५० मिलिमीटर लांबीची खुंटी त्या ठोकळ्यात सरळ बुडते. ६० मिलिमीटरची खुंटी जेमतेम ३ मिलिमीटर वर राहते. म्हणजे पाचपैकी तीन खुंट्या बाद आणि चौथी काठावर.

यावर दोन उपाय आहेत. सगळ्या खुंट्या लांब करायच्या किंवा सगळ्या जाड करायच्या. लांब केल्या तर पाट अवजड होतो आणि लहान हाताला खुंटी पेलत नाही. जाडी वाढवणे सोपे. व्यास ३५ मिलिमीटर केला की खुंटी ३२ च्या भोकात शिरतच नाही, मग तिची उंची कितीही असो. पाचही उंचींची बेरीज २५० मिलिमीटर होते. करवतीच्या कापात जाणारे लाकूड धरले तर ३०० मिलिमीटर लांबीचा एक दांडा पुरतो. हा दांडा घरी खराद नसेल तर गावातल्या कातारीकडून उतरवून घेता येतो.

आता भोक किती मोठे? ३५ च्या खुंटीला ३६ चे भोक अगदी नेटके दिसते. पण लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगते, तेही मुख्यतः तंतूंना आडवे. मे महिन्यात कापलेली खुंटी कोकणातल्या जुलैमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून अधिक जाड होऊ शकते. पाटातले भोकही बदलते, पण ते सगळीकडून सारखे फुगत नाही. तंतूंच्या दिशेने जवळपास तेवढेच राहते आणि आडव्या दिशेने सरकते, म्हणून ते किंचित लंबगोल होते. परिणाम असा की उन्हाळ्यात सुळकन बसणारी खुंटी पावसाळ्यात अडकते आणि मूल पाट आपटू लागते. म्हणून ३८ मिलिमीटरचे भोक घ्यावे. तीन मिलिमीटरची मोकळी जागा सुताराच्या नजरेला सैल वाटेल, पण दोन वर्षांच्या मुलाच्या नेमासाठी तेवढी लागतेच.

पाच भोकांचे १९० मिलिमीटर, त्यांच्यामधल्या आणि दोन्ही टोकांच्या सहा जागा प्रत्येकी १५ याप्रमाणे ९०. पाटाची लांबी २८० मिलिमीटर झाली. रुंदी ७० आणि जाडी २५ मिलिमीटर पुरे. भोक १५ मिलिमीटर खोल केले तर खाली १० मिलिमीटर लाकूड उरते आणि सर्वांत छोटी खुंटीही १५ मिलिमीटर वर दिसते, म्हणजे चिमटीत धरता येते.

खुंटीचे डोके गोल करावे का?

गोल डोके, बारीक मान आणि खाली नळीसारखे धड असलेल्या छोट्या लाकडी बाहुल्या घरगुती संचांत फार दिसतात. त्या गोंडस असतात, पण मुलाच्या घशाच्या दृष्टीने हा आकार वाईट. गोल डोके घशाच्या मागच्या बाजूला बुचासारखे बसते आणि हवा पूर्ण अडवते. अशी बाहुली नळकांड्याच्या चाचणीत पास होऊनही अडकू शकते, कारण तिचे धड बाहेर राहते. म्हणूनच तीन वर्षांखालच्या मुलांच्या ६४ मिलिमीटरपर्यंतच्या अशा बाहुल्यांसाठी मानकात वेगळी कसोटी आहे. अमेरिकेतल्या ‘फिशर-प्राइस’ कंपनीच्या ‘लिटल पीपल’ या प्रसिद्ध बाहुल्यांवरही घशात अडकण्याच्या धोक्यावरून टीका झाली होती आणि १९९१ मध्ये त्यांचा आकार बराच जाड करण्यात आला.

त्यामुळे खुंटीचे डोके सपाट ठेवावे आणि फक्त कडा दोन ते तीन मिलिमीटर गोल कराव्यात. चेंडू किंवा मोठा मणी बनवायचा असेल तर तो ४४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा हवा. गोल वस्तूंसाठी ही स्वतंत्र मर्यादा आहे.

तुटण्याची परीक्षा घरी कशी घ्यावी?

खेळणे नवे असताना मोठे असते. ते फुटल्यावर लहान होते, म्हणून माप घेण्याआधी त्याला छळावे लागते. पाट आणि प्रत्येक खुंटी छातीच्या उंचीवरून फरशीवर दहा वेळा, दर वेळी वेगळ्या बाजूवर पडेल अशी टाकावी. कपचा उडाला तर तो ठोकळ्यात घालून पाहावा. खुंटीचे तंतू उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने असतील तर ती सहसा तुटत नाही. आडव्या तंतूंची खुंटी मात्र मधोमध टचकन मोडते. कापण्याआधी दांड्याच्या बाजूवरच्या रेषा पाहिल्या तरी हे कळते. दांड्यात गाठ असेल तर तेवढा भाग वगळावा, कारण वाळताना गाठ सैल होऊन निखळते.

आकड्यांच्या किंवा फळांच्या कोड्याला वर छोटी मूठ चिकटवलेली असते. असल्या संचात सर्वांत कच्चा दुवा तीच. ती नुसत्या फेविकॉलवर बसवली असेल तर काही महिन्यांच्या लाळेने आणि ओढाताणीने सुटते. सामानाच्या बॅगा मोजायचा हूकवाला काटा घरी असेल तर मुठीला दोरी बांधून तो अडकवावा आणि सात किलोपर्यंत सावकाश ओढावे. मूठ हलली तरी ती नापास. टिकाऊ पद्धत अशी की मुठीची दांडी तुकड्यातून आरपार न्यायची, मागून तिला चीर देऊन पाचर ठोकायची आणि मग कापून सपाट करायची. मूठ एवढी मोठी घ्यावी, की सुटलीच तरी ठोकळ्यात बुडणार नाही.

कुसळांची परीक्षा सोपी आहे. जुना नायलॉनचा मोजा हातावर चढवून खेळण्यावरून सगळीकडे फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. घासताना ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने वापरावा. त्यानंतर ओल्या फडक्याने खेळणे पुसून वाळू द्यावे. पृष्ठभाग पुन्हा खरखरीत झालेला लागेल, कारण पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात. मुलाची लाळही नेमके हेच करणार असते. म्हणून वाळल्यावर २२० नंबरने पुन्हा एकदा हलके घासावे.

कोणते लाकूड घ्यावे?

ओळखीचे, पूर्ण वाळलेले आणि रसायन न मारलेले. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड परंपरेने वापरले गेले. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या पांढुरक्या, बारीक तंतूंच्या लाकडाची असतात. घरी आंब्याचे किंवा पाइनचे लाकूड कापायला सोपे जाते. सागाचे आणि शिसवीचे लाकूड उत्तम, पण त्यांच्या भुशाने काहींना खाज आणि शिंका येतात. घासताना मास्क लावावा आणि मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नये.

फुकट मिळणारी मालवाहतुकीची पॅलेट मात्र नीट पाहून घ्यावी. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे. असे लाकूड खेळण्यासाठी नको. शिवाय शिक्का काहीही सांगो, वाटेत त्यावर काय सांडले हे कोणालाच माहीत नसते. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असते, पण त्याला बांधून ठेवणाऱ्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघते आणि ओल लागली की कडा फुगून सुटतात. तोंडात जाणाऱ्या खेळण्यासाठी अखंड लाकूडच बरे.

रंग आणि पॉलिशचे काय?

इथे डब्यावरची अक्षरे वाचावी लागतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. तो फक्त याच रंगांना लागू आहे. लोखंडी जाळ्यांना, यंत्रांना आणि वाहनांना लावायचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. गॅरेजमधला उरलेला चकचकीत पिवळा किंवा लाल एनॅमल म्हणूनच टाळायचा. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी शिशाची संयुगे पूर्वापार वापरात आहेत. खेळण्यांच्या मानकात तर शिशाबरोबर कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम अशा एकूण आठ मूलद्रव्यांच्या मर्यादा आहेत. खेळण्यातून पोटातल्या आम्लात किती शिसे उतरते ते मोजतात आणि ते किलोमागे ९० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. हे घरी तपासता येत नाही, प्रयोगशाळाच लागते.

स्वयंपाकघरातले रंगही वाटतात तितके सोयीचे नाहीत. खाण्याचा रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे लाळेबरोबर उतरतो. हळद उन्हाने विटते आणि साबण लागला की लाल होते. रंग पक्का आहे की नाही हे पाहायला ओले पांढरे फडके खेळण्यावर पन्नास वेळा घासावे. फडक्यावर डाग आला तर तो रंग मुलाच्या जिभेवरही येणार.

या पाटाला मुळात रंग लागतच नाही. मारिया माँटेसरींच्या साधनांमागचा एक विचार असा, की एका वेळी एकच गुण बदलावा. खुंट्यांची उंची बदलत असताना रंगही बदलला तर मूल कशाकडे बघून त्या लावते हे कळत नाही. ते लाल-निळे लक्षात ठेवते आणि उंचीची तुलना करतच नाही. पाचही खुंट्या बिनरंगी ठेवल्या की मुलाला डोळ्यांनी आणि बोटांनी उंचीच तोलावी लागते. खेळणे सुरक्षित होते ते वेगळेच.

लाकडाला ओलीपासून वाचवण्यासाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात देणे हा जुना, खात्रीचा मार्ग आहे. शेवटचा हात दिल्यावर स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, खेळणे बाजूला ठेवावे. चन्नपट्टणचे कारागीर लाखेची रंगीत कांडी खरादावर फिरत्या लाकडाला टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. जवसाचे तेल लावायचे असेल तर कच्चे घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात. आणखी एक काळजी महत्त्वाची. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून टाकली तर वाळताना ती तापते आणि आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून मग टाकावी.

संचात बिया, डाळी, चुंबके घालावीत का?

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले ते परिसरात मिळणाऱ्या बिया, शंख, मातीसारख्या साहित्यातून. आजच्या घरगुती संचांतही ओतायला डाळी, मोजायला चिंचोके, निवडायला रंगीत बिया असतात. मात्र बालवाडीत ताई समोर बसलेली असते. पिशवीत भरून दिलेला संच दिवाणखान्यात एकट्या मुलाच्या हाती लागतो. हरभरा किंवा राजमा नाकात किंवा श्वासनलिकेत गेला की ओलाव्याने फुगतो आणि काढणे अवघड होते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या संचात डाळी घालूच नयेत.

लाल-काळ्या गुंजा तर कोणत्याच वयाच्या संचात नकोत. दिसायला देखण्या असल्या तरी त्यांतले अ‍ॅब्रिन हे अत्यंत घातक विष आहे. अखंड बी कधी कधी न पचता बाहेर पडते, पण चावलेली किंवा ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज धोकादायक ठरते. एरंडाच्या बीबाबतही हेच. मोजायला सागरगोटे घ्यावेत, तेही मोठ्या मुलांसाठी.

अक्षरांच्या मागे चिकटवलेली छोटी चकाकणारी चुंबके हा नवा धोका. एक गिळले तर ते बाहेर पडेलही. दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात, मधली भिंत चिमटून तिला छिद्र पडते. मूल अशी चुंबके गिळल्याचा संशय आला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे, वाट पाहू नये.

हे खेळणे विकता येईल का?

स्वतःच्या मुलासाठी बनवायला परवाना लागत नाही. विक्री सुरू केली की नियम बदलतात. केंद्राचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का लागतो. ती वस्तू केवळ खेळण्यासाठीच असावी, अशी अट व्याख्येत नाही. त्यामुळे डब्यावर ‘शैक्षणिक साहित्य’ लिहिल्याने सुटका होत नाही. दोन वर्षांच्या मुलासाठीच्याच पाटावर ‘तीन वर्षांपुढील’ अशी चिठ्ठी लावूनही जमत नाही. वय ठरते ते खेळण्याच्या स्वरूपावरून.

या आदेशातून दोन गटांना सूट आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेली खेळणी हा एक गट. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांचे नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते हा दुसरा. कारागिराच्या नोंदणीनंतर ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पाट बनवणारा पालक आपोआप या गटात बसत नाही. त्याला नोंदणी किंवा परवाना, यांपैकी एक वाट धरावी लागते. भारतीय मानक ब्युरो कायदा २०१६ नुसार शिक्का बंधनकारक असलेली वस्तू त्याविना विकल्यास पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सूट मिळाली तरी ती शिक्क्यापुरतीच असते. नोंदणी असलेल्या कारागिराची २५ मिलिमीटरची खुंटीही त्या ठोकळ्यात बुडतेच. म्हणून दर नव्या संचाच्या वेळी ठोकळा, मोजा, काटा आणि ओले फडके यांच्या चारही परीक्षा पुन्हा घ्याव्यात. मुलाच्या हाती गेल्यावरही महिन्यातून एकदा खुंट्या मोजाव्यात, चीर गेलेली दिसली तर ती खुंटी बदलावी. दांड्याचा उरलेला तुकडा त्यासाठीच जपून ठेवायचा.